दोन तासांतून पाच मिनिटं: बडोद्याच्या एका लग्नाच्या कामाच्या नोंदी

१० फेब्रुवारी, मंगळवार

नवरीचे वडील आज स्वतः हार्ड डिस्क घेऊन आले. माणसं रावपुऱ्यातली, लग्न बडोद्यातच झालं, मुलगा पुण्याचा. २२ तारखेला, रविवारी, पुण्यात रिसेप्शन आहे आणि तिथे हॉलच्या पडद्यावर पाच मिनिटांची हायलाइट दाखवायची आहे. मुलाकडच्यांनी कार्यक्रमात तेवढीच जागा ठेवली आहे, त्यामुळे पाचाची साडेपाच झालेली चालणार नाहीत.

त्यांनी एक कागदही दिला. त्यावर एकतीस नावं आहेत. "ताई, हे सगळे चेहरे दिसले पाहिजेत. एक जरी राहिला तरी मला वर्षभर ऐकावं लागेल." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एक. माझ्या आईने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. मध्ये ती अडखळली. तेवढं काढून टाका. चारचौघांत तिचं हसं व्हायला नको." आई ब्याऐंशीच्या आहेत. मी हो म्हटलं. अशी मागणी दर लग्नात कुणाची ना कुणाची असतेच.

डिस्कवर एकाच कॅमेऱ्याचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आहे, गौरीहरापासून ते शेवटच्या नमस्कारांपर्यंत. कॅमेरा स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात तिवईवर, मधूनमधून वळवलेला आणि झूम केलेला. चित्र ४के, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे माझ्यासमोर एक लाख ऐंशी हजार फ्रेम आहेत आणि ठेवायच्या आहेत साडेसात हजार. चोवीसातली एक.

४के आहे हे चांगलं झालं. पडद्यावर फुल एचडीच लागणार, आणि ४केची चौकट लांबीरुंदीला त्याच्या दुप्पट असते. त्यामुळे रुंद शॉटमधला एक चतुर्थांश भाग कापून पूर्ण पडद्यावर आणला तरी चित्र फुटत नाही. एकच कॅमेरा असला तरी एका रुंद शॉटमधून भटजींचा, मामांचा आणि पहिल्या रांगेतल्या आत्यांचा असे तीन वेगळे शॉट निघतात. फोकस मात्र मूळ शॉटमध्येच पक्का असायला हवा. तो स्टेजवर असेल, तर मागच्या रांगा कापून मोठ्या करण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज चित्र बंद ठेवून दोन तास फक्त आवाज ऐकला. माझी पहिली फेरी कायम अशीच असते. चित्र पळवत पाहिलं की डोळा देखण्या शॉटवर थांबतो, दागिने, फुलं, रांगोळी, आणि शेवटी हातात नुसती सजावट राहते. लग्नात काय घडलं ते कानाला आधी कळतं. कुठे हसू फुटलं, कुठे अचानक सगळे गप्प झाले, कुठे कुणी नाव घेऊन हाक मारली, तिथे मार्कर टाकत जायचं.

आजच्या मार्करमधले कामाचे हे: सुरुवातीला दाराशी वाजलेली सनई, सलग सहा मिनिटं, मध्ये कुणी बोललेलं नाही. एकविसाव्या मिनिटाला मामा नवरीला घेऊन येतात तेव्हाची गडबड. एकतिसाव्या मिनिटापासून मंगलाष्टकं. एक तास एकतीस मिनिटांवर कानपिळी, तिथे हशा इतका मोठा की कॅमेऱ्याचा आवाज फाटला आहे.

आणि ३८ मिनिटं १६ सेकंदांवर आजी.

आजींचा आवाज थोडा कापरा आहे, पण सूर धरलेला. मंगलाष्टक परंपरेनं शार्दूलविक्रीडितात असतं. ओळीला एकोणीस अक्षरं, बारा झाली की यती, मग उरलेली सात. म्हणून प्रत्येक ओळीत श्वासाची जागा ठरलेली असते. मंगलाष्टकावर चित्र कापताना मी त्या यतीवरच कापते, मधल्या अक्षरावर कापलं की कानाला टोचतं. आजींच्या पहिल्या दोन ओळी बरोबर गेल्या. तिसरीत,

आजीच्या पदरात खेळत अशी

इथपर्यंत आल्या आणि थांबल्या. सहा सेकंद काही नाही. पंख्याची घरघर, मागे एक मूल रडतंय, कुणाची तरी बांगडी. मग आजींनी "मोठी कधी जाहली" म्हणून ओळ पुरी केली आणि चौथ्या ओळीवर गेल्या.

त्या सहा सेकंदांत मला काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. आजींच्या दोन मोठ्या उंचवट्यांच्या मध्ये, शांततेच्या शेवटाला, एक बारीक फुगवटा आहे. मुलाच्या रडण्याचा नाही, त्याची रेघ वेगळी दिसते. हेडफोन लावला, पंख्याची आणि विजेची घूं कमी करायला १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं, व्यंजनं जिथे असतात तो २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा वर उचलला आणि एकूण आवाज नऊ डेसिबलने वाढवला. नॉइज रिडक्शन अगदी थोडं ठेवलं, जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

बाईचा आवाज आहे. तरुण. ती हळूच म्हणते, "मोठी कधी जाहली." आणि आजी तेच शब्द उचलून पुढे जातात.

आता चित्र लावलं. कॅमेरा त्या वेळी आजींवर आहे, छातीपासून वर. अंतरपाट चौकटीच्या उजवीकडे बाहेर राहिला आहे. नवरी दिसत नाही. पण तो बारीक आवाज येतो त्याच फ्रेमवर आजींची नजर उजवीकडे वळते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कॅमेरामनला फोन केला. नवरीवर वेगळा माइक होता का, आणि तेव्हाचा दुसरा एखादा शॉट आहे का, हे विचारायचं होतं. तो गुजराती, अनुभवी माणूस. म्हणाला, "ए वखते तो कांईज नहोतुं, बेन. आजी अटकी गया एटले में पकडी राख्युं." तेव्हा काहीच घडत नव्हतं, आजी अडकल्या म्हणून शॉट धरून ठेवला. त्याने तो धरून ठेवला म्हणून तर हाताला लागलं. एखादा घाबरला असता आणि कॅमेरा गर्दीवर फिरवला असता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन तासांतून पहिला ढीग बाजूला काढला, चाळीस मिनिटांचा. त्यातून दुसरा, चौदा मिनिटांचा. हे दोन टप्पे फारसे अवघड नसतात. भोजनाची तयारी, खुर्च्या सरकवणं, फोटोसाठी रांगा, तेच विधी तीनतीनदा दिसणं, हे आपोआप गळतं. खरी ओढाताण सात मिनिटांवर सुरू होते, कारण तिथून पुढे जे काढायचं ते सगळं चांगलंच असतं.

अंतरपाट दूर होतो तो क्षण पाहिला. प्रत्येक लग्नात होतं तेच इथे झालं आहे. "सावधान" म्हटलं की पाहुणे उभे राहतात, अक्षतांचे हात वर जातात आणि कॅमेऱ्यासमोर नुसते हात आणि पाठी. अंतरपाट खाली येताना एकदाही दिसत नाही. ताशा त्याच सेकंदाला सुरू झाला आणि कॅमेऱ्याच्या आपोआप आवाज सांभाळणाऱ्या यंत्रणेने सगळा आवाज एकदम खाली दाबला. तो पूर्ववत व्हायला पाचसहा सेकंद लागले. त्यामुळे "सावधान" मोठं, पहिला ठोका फाटलेला आणि पुढचा सगळा जल्लोष दूरच्या खोलीतून आल्यासारखा.

फाटलेला ठोका परत मिळत नाही. रेघेचं टोक जिथे सपाट झालं तिथली माहिती गेलीच. म्हणून तो ठोका काढून त्याच ताशाचा दोन मिनिटांनंतरचा एक चांगला ठोका तिथे बसवला, आणि दबलेल्या सेकंदांत आवाज बिंदूबिंदूने वर चढवत नेला. चित्रात अंतरपाट दाखवायचा प्रयत्न सोडून दिला. "सावधान" ऐकू येतं तेव्हा पडद्यावर वर गेलेले हातच ठेवले, अक्षता उडतात, आणि थेट हार घालण्यावर उडी. पडदा खाली आला हे पाहणाऱ्याला कळतं, त्यासाठी तो दिसायलाच हवा असं नाही.

हाराच्या शॉटमध्ये फोटोग्राफरच्या फ्लॅशने एका फ्रेमचा वरचा अर्धा भाग पांढरा केला आहे. सेन्सर चित्र वरून खाली वाचत जातो, फ्लॅश त्यापेक्षा फार थोडा वेळ चमकतो, म्हणून असा अर्धा पट्टा येतो. ती एक फ्रेम काढून शेजारची दोनदा लावली. पंचवीसात एक फ्रेम डोळ्याला समजत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज महाशिवरात्र. शिवजी की सवारीमुळे सुरसागरच्या आसपास दुपारपासून ढोल आणि गर्दी, दांडिया बाजारात खिडकी लावूनही आवाज आत येतो. आवाजाचं काम आज होणार नाही हे सकाळीच ठरवलं होतं. म्हणून एकतीस चेहऱ्यांचा कागद घेऊन बसले.

एकतीस माणसं एकेक करून दाखवायची म्हटलं तर प्रत्येकी दीड सेकंद धरून पाऊण मिनिटाच्या वर जातं, आणि शाळेच्या फोटोंची पाटी फिरवल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा चेहरे मंगलाष्टकांत पेरले. गुरुजींच्या पहिल्या दोन मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा बराच वेळ रुंद होता, समोरच्या तीन रांगा फोकसमध्ये आहेत. त्यातून तिघातिघांचे तुकडे कापले आणि प्रत्येक तुकडा यतीपासून यतीपर्यंत ठेवला. एका तुकड्यात तीन चेहरे असले की डोळ्याला फिरायला दोन सेकंद तरी हवेत. पण पाहणारा आपल्याच माणसाला शोधत असतो, आणि आपलं माणूस त्याला झटकन सापडतं.

सव्वीस मंगलाष्टकांतच बसले. दोन मामा नवरीला आणताना, भाऊ कानपिळीत. उरले दोन काका, ते सगळा वेळ भटारखान्याकडे. त्यांचा एकच शॉट मिळाला, शेवटच्या नमस्कारात, तिथे घेतले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नवरीच्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणे आजींचा भाग साफ करून पाहिला. "अशी" संपते तिथे कापलं, "मोठी" सुरू होते तिथे जोडलं. जोडावर चित्र उडी मारतं, कारण कॅमेरा स्थिर आहे आणि आजींची मान वळलेली. म्हणून जोडावर अक्षता धरलेल्या मुठीचा शॉट टाकला. आवाजातही अडचण होती. थांबण्याआधीचा सूर आणि नंतरचा सूर एक नाही, आजी पुन्हा सुरू झाल्या त्या जवळजवळ अर्ध्या सुराने खाली. साथीला काही नसलं की असं होतंच. पुढचा तुकडा तेवढा वर चढवला, जोड सनईच्या एका लांब स्वराखाली घेतला. झालं. माहीत नसलेल्या माणसाला तिथे काही घडलं होतं हे कधीच कळणार नाही.

तीनचार वेळा लावून ऐकलं. काम म्हणून निर्दोष आहे. पण दोन तासांत नवरी स्वतःहून जे एकच वाक्य बोलली, तेच यातून गेलं आहे. बाकी सगळा वेळ ती सांगितलं ते करते, पाट, हार, होम, सप्तपदी. आणि बोलली ती काय, तर "मोठी कधी जाहली".

दुसरी प्रत केली, न कापता. आजींच्या तिसऱ्या ओळीपासून ते पूर्ण होईपर्यंत एकच शॉट, मध्ये काही नाही. नवरीचा एखादा शॉट तिथे लावावा असं क्षणभर वाटलं होतं. गुरुजींच्या मंगलाष्टकाच्या वेळचा तिचा अंतरपाटाआडचा चेहरा माझ्याकडे आहे, कापून मोठा करता येतो. पण त्यात तिचे ओठ मिटलेले आहेत आणि वेळही दुसरी. आवाज कुठून आला ते आजींच्या नजरेवरूनच कळतं, तेवढं पुरे आहे. ओळ संपल्यावर कॅमेरामन अंतरपाटाकडे वळला आहे, ३८ मिनिटं ५१ सेकंदांवर, तिथे नवरी हसते आहे आणि खालच्या ओठाला दात लागला आहे. तो शॉट खरा त्याच वेळचा. तिथे कापलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही प्रती घेऊन रावपुऱ्यात गेले. वडील आधी जरा नाराजच झाले. "ताई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." मी म्हटलं, काका, तुम्ही सांगितलेली प्रत तयार आहे, तुम्ही म्हणाल तीच पुण्याला जाईल. पण दुसरीत काय आहे ते आजींनी एकदा ऐकावं. तो त्यांचा आवाज आहे, काढायचं की ठेवायचं हे त्यांनी सांगावं.

आजींना हेडफोन लावून दिला. पडदा नाही, फक्त आवाज. थांबल्या तिथे त्यांनी डोळे मिटले, त्यांना ते लक्षात होतं आणि लागलंही होतं. मग तो बारीक आवाज आला. हेडफोन काढून म्हणाल्या, "पुन्हा लाव गं."

पुन्हा लावला.

"मला वाटलं गुरुजींनी सांगितलं," आजी म्हणाल्या. मग मुलाकडे वळून, "अरे, पण गुरुजींकडे माझी ओळ कुठे होती? कागद तर माझ्याच बटव्यात होता."

वडिलांना उत्तर सुचेना. आजींनीच सांगितलं. लग्नाच्या आधी महिनाभर त्या दुपारी गॅलरीत बसून ते मंगलाष्टक घोकत होत्या, आणि नात आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करायची. तिने कधी "छान आहे" असंही म्हटलं नव्हतं. आजींना वाटायचं, तिचं लक्ष नाही.

"ठेव ते," आजी मला म्हणाल्या. "माझं अडखळणंही ठेव. त्याशिवाय तिने का सांगितलं ते कसं कळणार?"

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेवायचं तर मग तिचा आवाज नीट ऐकू आला पाहिजे. हॉलमध्ये चारशे माणसं असतात. हा असा आवाज तिथे कोणाला ऐकू येणार? नुसती आई अडखळलेली दिसेल."

ही गोष्ट त्यांची बरोबर होती, आणि हेडफोनवर काम करताना नेमकी हीच नजरेतून सुटण्यासारखी असते. मी विचारलं, त्या वेळी नवरीच्या मागे कोण उभं होतं? मामा आणि करवली. आणि करवलीची आई, म्हणजे मामी, लेकीचा व्हिडिओ काढत होत्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मामींनी व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिथे पाठवताना तो दाबला जातो, आवाजही. पुन्हा फोन करून तोच "Document" म्हणून पाठवायला सांगितला, मग मूळ फाइल जशीच्या तशी आली.

मामींच्या फोनमध्ये करवली कलश धरून उभी आहे, आजी चौकटीत नाहीतच, आणि नवरीची पाठ अर्धी दिसते. पण आवाज! फोन नवरीपासून दोन हातांवर. "मोठी कधी जाहली" अगदी स्वच्छ, त्याआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा.

फोनचं रेकॉर्डिंग सेकंदाला ठरावीक फ्रेमचं नसतं, उजेड कमी झाला की फोन स्वतःच फ्रेम कमी करतो. तसंच टाइमलाइनवर टाकलं की आवाज आणि चित्र हळूहळू सरकत जातात. म्हणून आधी २५ला बांधून घेतलं:

```
ffmpeg -i mami.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 16 -c:a pcm_s16le mami_25.mov
```

मग आजींच्या "खेळत अशी" या शब्दांवर कॅमेऱ्याचा आणि फोनचा आवाज एकाखाली एक जुळवला. फ्रेमने जुळवून भागत नाही. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात आवाज चौदा मीटरच्या आसपास जातो. दोन रेकॉर्डिंगमध्ये एवढं अंतर राहिलं आणि दोन्ही एकदम वाजली, तर आजी घुमटात उभ्या राहून गातायत असं वाटेल. आवाजाच्या रेघेवर, फ्रेमच्याही आत जाऊन जुळवलं. तरीही हॉलच्या स्पीकरचा घुमारा फोनमध्ये वेगळा आहे, म्हणून आजींचा आवाज फक्त कॅमेऱ्याचाच ठेवला. फोनचा ट्रॅक नवरीचा श्वास सुरू होतो तिथे उघडतो आणि "जाहली" संपलं की मिटतो. दोन सेकंदांपेक्षा थोडा जास्त. पंख्याची घरघर दोन्हीत वेगळी असल्यामुळे उघडताना ती बदललेली कळत होती. कॅमेऱ्यातल्याच त्या शांत सेकंदांची घरघर खाली सलग पसरली, मग कळेनाशी झाली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सात मिनिटांची पाच करायचा दिवस. आजींचा भाग पूर्ण मंगलाष्टकासह ५४ सेकंद घेतो, जवळजवळ पाचवा हिस्सा. तो तसाच राहणार असेल तर बाकीच्यांना जागा द्यावी लागते.

कन्यादान वीस सेकंदांवरून आठवर. विधी लांब, पण चित्रात हातांवर पडणारं पाणी हाच एक शॉट सगळं सांगतो. सप्तपदीत तांदळाच्या सात राशी आहेत; सातही पावलं दाखवत होते, आता पहिलं आणि सातवं, मध्ये दोघांचे चेहरे. हॉलची सजावट पूर्ण काढली. मंगळसूत्राला हात लावला नाही. कानपिळीचा हशा ठेवला, फाटलेला आवाज असूनही, कारण आजींच्या भागानंतर लोकांना मोकळं हसायला तीच जागा आहे. तिथे आवाज थोडा खाली घेतला की फाटणं फारसं खुपत नाही.

पार्श्वसंगीत सिनेमाच्या गाण्याचं घेतलं नाही. घरच्यांना नंतर व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा आहे आणि तिथे गाण्याच्या हक्कावरून आवाज बंद होऊ शकतो. दाराशी वाजलेल्या सनईची ती सहा मिनिटं आहेतच. सनईवाल्या काकांना फोन करून विचारलं, त्यांनी आनंदाने हो म्हटलं आणि शेवटच्या पाटीवर त्यांचं नाव घालायचं ठरलं. सनई कापताना समेवरच कापली. आजींच्या ५४ सेकंदांत सनई पूर्ण बंद आहे, त्या साफ केलेल्या प्रतीसारखी खालून आधार देणारीही नाही.

लांबी ४ मिनिटं ५८ सेकंद.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजींच्या तिसऱ्या ओळीला खाली अक्षरं दिली. हॉलमध्ये आवाज नीट पोचेलच असं नाही. पहिला अर्धा भाग पांढऱ्यात, आजी म्हणतात तेव्हा येतो आणि सहा सेकंद तसाच थांबतो. नवरीचे शब्द पिवळ्यात. आजी तेच पुन्हा म्हणतात तेव्हा पिवळ्याशेजारी पांढरी ओळ पूर्ण होते. अक्षरं आवाजाच्या दोन फ्रेम नंतर आणली. आधी आली तर माणूस वाचून मोकळा होतो आणि ऐकत नाही.

पुण्याच्या हॉलच्या ऑपरेटरशी बोलले. त्यांचे स्पीकर मोनो आहेत, डावा-उजवा एकच. म्हणून आवाज मोनो करून एकदा तपासला, कुठे काही विरून जात नाही ना. नवरीचे शब्द मूळ पातळीपेक्षा वर, पण आजींच्या खालीच ठेवले. हळूच सांगितलेलं हळूच वाटलं पाहिजे. फाइल एमपी४, फुल एचडी, २५ फ्रेम. सुरुवातीला दोन सेकंद काळं ठेवलं, ऑपरेटरने बटण दाबताना पहिला शॉट कापला जाऊ नये म्हणून.

वडिलांना पाठवली. त्यांचा फोन आला, "एकतीस मोजले. एकतीसच आहेत." थोड्या वेळाने पुन्हा फोन. "ताई, मुलीला अजून दाखवलेलं नाही. तिला तिथेच दिसू दे."

२३ फेब्रुवारी, सोमवार

नवरीचा फोन पुण्याहून. कानपिळीवर हशा झाला. आजींच्या ओळीवर हॉल गप्प झाला होता, आणि पिवळी अक्षरं आली तेव्हा सासूबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिला स्वतःला आपण बोललो हे आठवतही नव्हतं. "माझ्या तोंडून गेलं असेल. महिनाभर तेच ऐकत होते ना."

मामींच्या फोनवरचा तो तुकडा तिला वेगळा हवा आहे, पाठवला. आजींना फक्त आवाज हवा आहे, चित्र नको. त्यांच्या मोबाइलसाठी पूर्ण मंगलाष्टकाची एमपी३ करून दिली, नातू टाकून देणार आहे.

कॅमेरामनलाही व्हिडिओ पाठवला, आणि पुढच्या लग्नापासून गुरुजींच्या माइकपाशी एक छोटा रेकॉर्डर चालू ठेवायला सांगितलं आहे. तो म्हणाला, एप्रिलमध्ये वाघोडिया रोडला एक लग्न आहे, तिथे लावून बघू. दोन तासांचं मूळ रेकॉर्डिंग, मामींची फाइल आणि प्रकल्प दोन डिस्कवर ठेवला, वेगवेगळ्या कपाटांत. साफ केलेली प्रत त्यात ठेवली नाही.